बेंझाल्डिहाइड ते बेंझिलिक ॲसिड : तीन टप्प्यांचा एकूण यील्ड कसा काढायचा

प्रश्न : थायमिन वापरून १० मिली बेंझाल्डिहाइडपासून बेंझोइन केलं (थायमिन हायड्रोक्लोराइड १.७५ ग्रॅम, ३ मोलर NaOH ३.५ मिली). ७.१० ग्रॅम मिळालं. त्यातलं ४.०० ग्रॅम आणि कॉन्सन्ट्रेटेड नायट्रिक ॲसिड १४ मिली घेऊन बेंझिल केलं, ३.३६ ग्रॅम आलं. त्यातलं २.०० ग्रॅम आणि KOH २.५ ग्रॅम घेऊन बेंझिलिक ॲसिड केलं, १.६५ ग्रॅम. माझा ओव्हरऑल यील्ड १४.७ टक्के येतो, पार्टनरचा ७६.३ टक्के. सर म्हणतात दोन्ही चूक. आणि सगळ्यात कमी मोल थायमिनचे आहेत, मग लिमिटिंग रिएजंट तेच ना?

उत्तर :

तुमची वजनं व्यवस्थित नोंदलेली आहेत, त्यामुळे बरोबर उत्तर याच आकड्यांतून निघतं. ते साधारण ४४ टक्के आहे. तुम्ही आणि तुमच्या पार्टनरने वेगवेगळ्या दोन चुका केल्या आहेत. तुम्ही बाटलीत बाजूला ठेवलेला माल वाया गेला असं धरलं. पार्टनरने एकामागून एक होणाऱ्या घटींची सरासरी काढली. दोन्हींचं मूळ एकच आहे : सुरुवातीला घेतलेल्या बेंझाल्डिहाइडपैकी नेमकं किती बेंझाल्डिहाइड त्या १.६५ ग्रॅमच्या वाट्याला आलं होतं, हे कुणी विचारलंच नाही. मी काही वर्षं औषधांच्या कच्च्या मालाच्या कारखान्यात प्रोसेस डेव्हलपमेंटला होतो आणि नंतर बरीच वर्षं ऑरगॅनिकची प्रॅक्टिकल्स घेतली. दोन्हीकडे गणित चुकतं ते याच ठिकाणी.

आधी थायमिनचं बघू. १.७५ ग्रॅम थायमिन हायड्रोक्लोराइड म्हणजे ३३७.३ ने भागून ५.२ मिलिमोल. बेंझाल्डिहाइड १० मिली, घनता १.०४४, म्हणजे १०.४४ ग्रॅम; १०६.१२ ने भागलं की ९८.४ मिलिमोल. आकडा थायमिनचा लहान आहे हे खरं. पण लिमिटिंग रिएजंट शोधताना संतुलित समीकरणात जे खर्च होतं तेवढंच रांगेत उभं करायचं. थायमिन इथे कॅटलिस्ट आहे. बेसमुळे त्याच्या थायाझोलियम रिंगवरचा एक प्रोटॉन निघतो, तयार झालेला कार्बन बेंझाल्डिहाइडच्या एका रेणूला धरतो, तो रेणू दुसऱ्या बेंझाल्डिहाइडशी जोडला जातो आणि थायमिन मोकळं होऊन पुढच्या जोडीकडे वळतं. तुमच्या ७.१० ग्रॅम बेंझोइनचे ३३.५ मिलिमोल होतात. थायमिन लिमिटिंग असतं तर ५.२ मिलिमोलच्या वर बेंझोइन मिळालंच नसतं. तुमच्याच हातातल्या मालाने ती शंका खोडून काढली आहे.

NaOH चंही तसंच. ते ३.५ गुणिले ३ म्हणजे १०.५ मिलिमोल आहे आणि समीकरणात कुठेच नाही. थायमिनच्या प्रत्येक मोलमागे साधारण दोन मोल बेस लागतो : एक त्याच्यातलं HCl मारायला, दुसरा प्रोटॉन काढायला. ५.२ ची दुप्पट १०.४, म्हणजे तुमचं प्रमाण अगदी काठावर आहे. हे काठावरचं प्रमाण लक्षात ठेवा, थोड्या वेळाने त्याच्याकडे परत यायचं आहे.

समीकरण असं :

```
2 C6H5CHO → C6H5CH(OH)COC6H5
```

डावीकडचा दोनचा आकडा सगळ्यात जास्त वेळा विसरला जातो. दोन बेंझाल्डिहाइड मिळून एक बेंझोइन. म्हणून ९८.४ मिलिमोलपासून जास्तीत जास्त ४९.२ मिलिमोल बेंझोइन, आणि २१२.२५ ने गुणलं की थिऑरेटिकल यील्ड १०.४४ ग्रॅम. जेवढं बेंझाल्डिहाइड घेतलं नेमकं तेवढंच वजन. हा योगायोग नाही. या अभिक्रियेत बाहेरून काही शिरत नाही आणि काही बाहेरही पडत नाही, बेंझोइनचे सगळे अणू बेंझाल्डिहाइडचेच आहेत. जर्नल तपासताना कुणी इथे २०.८८ ग्रॅम लिहिलेलं दिसलं की मी एवढंच विचारायचो, की दहा ग्रॅम घालून वीस ग्रॅम कुठून आलं? विद्यार्थी स्वतःच पेन घेऊन खोडायचा. थिऑरेटिकल यील्ड काढल्यावर तो वस्तुमानाच्या हिशेबात शक्य तरी आहे का, हे क्षणभर थांबून बघायचं. कोएफिशंटची चूक तिथेच सापडते.

तर पहिला टप्पा : ७.१० भागिले १०.४४, म्हणजे ६८.० टक्के.

दुसऱ्या टप्प्यात एक महत्त्वाची गोष्ट घडते : हिशेब नव्याने सुरू होतो. फ्लास्कमध्ये तुम्ही ७.१० ग्रॅम घातलेलं नाही, ४.०० ग्रॅम घातलं आहे. थिऑरेटिकल यील्ड त्या ४.०० वरच निघतो. ४.०० भागिले २१२.२५ म्हणजे १८.८५ मिलिमोल बेंझोइन. नायट्रिक ॲसिडचं समीकरण, तपकिरी धूर निघतात हे धरून, असं लिहिता येतं :

```
C14H12O2 + 2 HNO3 → C14H10O2 + 2 NO2 + 2 H2O
```

एका बेंझोइनला दोन HNO3, म्हणजे ३७.७ मिलिमोल लागेल. कॉन्सन्ट्रेटेड नायट्रिक साधारण १६ मोलर असतं, म्हणून १४ मिलीमध्ये २२४ मिलिमोल. गरजेच्या जवळजवळ सहापट. तिथे ॲसिडच द्रावकाचंही काम करतं, म्हणून एवढं घालतात. लिमिटिंग बेंझोइन, शंका नाही. थिऑरेटिकल यील्ड १८.८५ मिलिमोल गुणिले २१०.२३, म्हणजे ३.९६ ग्रॅम. मिळालं ३.३६, म्हणजे ८४.८ टक्के.

तिसऱ्यात २.०० ग्रॅम बेंझिल म्हणजे ९.५१ मिलिमोल. एका बेंझिलला एक KOH लागतं, कारण बनणारं बेंझिलिक ॲसिड पोटॅशियम बेंझिलेट म्हणून अडकून राहतं आणि शेवटी HCl घातल्यावर सुटतं. तुमचं २.५ ग्रॅम KOH कागदावर ४४.६ मिलिमोल आहे. पण KOH च्या पेलेट्स साधारण ८५ टक्केच असतात, उरलेलं मुख्यतः पाणी. तेव्हा खरं ३७.९ मिलिमोल. तरीही चौपट. लिमिटिंग बेंझिल. थिऑरेटिकल यील्ड ९.५१ मिलिमोल गुणिले २२८.२५, म्हणजे २.१७ ग्रॅम. मिळालं १.६५, म्हणजे ७६.० टक्के.

इथे एक सावधगिरी. बेंझिलपासून बेंझिलिक ॲसिड होताना रेणूत पाण्याचा एक रेणू वाढतो, म्हणून वजन वाढतं. कुणाला २.०० ग्रॅमपासून २.०५ ग्रॅम मिळालं तर ते १०२ टक्के नाही, ते २.०५ भागिले २.१७ म्हणजे ९४ टक्के. कारखान्यात वजनावर वजन, म्हणजे वेट बाय वेट यील्ड सर्रास बोलला जातो आणि तिथे तो चालतो, कारण रोज तोच माल होत असतो आणि कालच्या बॅचशी तुलना करायची असते. पण टप्पे एकमेकांना जोडायचे असतील तर मोलचाच हिशेब हवा.

आता एकूण यील्ड. तीन टप्प्यांचे अपूर्णांक गुणायचे :

```
0.680 × 0.848 × 0.760 = 0.438
```

म्हणजे ४३.८ टक्के. गुणाकार का, ते शंभर रेणूंच्या गोष्टीतून सांगतो. जास्तीत जास्त शंभर बेंझोइन मिळतील एवढं बेंझाल्डिहाइड घेतलं. मिळाले ६८. दुसऱ्या टप्प्यातली घट त्या ६८ वर बसते, शंभरवर नाही; त्यांचे ५८ उरले. तिसरी घट ५८ वर बसते, ४४ उरले. सरासरी काढली की तिन्ही घटी प्रत्येक वेळी नव्या शंभरवर बसल्या असं होतं. त्यावरून एक पडताळा मिळतो : एकूण यील्ड तुमच्या सगळ्यात वाईट टप्प्यापेक्षा जास्त असूच शकत नाही. तुमचा वाईट टप्पा ६८ चा आहे. पार्टनरचे ७६.३ त्याच्या वर गेले, तिथेच कळायला हवं होतं.

तुमचा १४.७ कुठून आला ते मी काढून पाहिलं. ९८.४ मिलिमोल बेंझाल्डिहाइडपासून जास्तीत जास्त ४९.२ मिलिमोल बेंझिलिक ॲसिड, म्हणजे ११.२३ ग्रॅम. तुम्ही १.६५ ला ११.२३ ने भागलंत. म्हणजे दोनचा कोएफिशंट तुम्ही बरोबर धरला, थिऑरेटिकल यील्डही बरोबर काढला. चुकलं एवढंच की ११.२३ हा आकडा सगळं बेंझाल्डिहाइड शेवटपर्यंत गेलं तरचा आहे, आणि तुमचं सगळं गेलेलं नाही. ३.१० ग्रॅम बेंझोइन आणि १.३६ ग्रॅम बेंझिल सॅम्पल बाटल्यांत बसलं आहे. ते हरवलेलं नाही. ते उद्याही वापरता येईल.

गुणाकारावर विश्वास बसत नसेल तर उलट्या वाटेने जाऊन बघा. मला ही वाट जास्त आवडते, कारण तिच्यात काय चाललं आहे ते डोळ्यांसमोर राहतं. तुम्ही बेंझोइनचा ७.१० पैकी ४.००, म्हणजे ०.५६३ हिस्सा पुढे नेला. बेंझिलचा ३.३६ पैकी २.००, म्हणजे ०.५९५ हिस्सा नेला. दोन्ही गुणले की ०.३३५. म्हणजे तिसऱ्या फ्लास्कपर्यंत सुरुवातीच्या बेंझाल्डिहाइडचा जेमतेम एक तृतीयांश वाटा पोचला : ९८.४ गुणिले ०.३३५ म्हणजे ३३.० मिलिमोल. त्यापासून जास्तीत जास्त १६.५ मिलिमोल बेंझिलिक ॲसिड, ३.७७ ग्रॅम. तुमचं १.६५ भागिले ३.७७ केलं की परत ४३.८. आणि तुमच्या १४.७ ला ०.३३५ ने भागलं तरी तेच येतं. तुमच्या उत्तरात फक्त हा हिश्शाचा भाग राहून गेला होता.

४३.८ चा अर्थ साध्या भाषेत असा : याच हाताने, याच पद्धतीने सगळा माल पुढे नेला असता तर ११.२३ ग्रॅमच्या जागी सुमारे ४.९ ग्रॅम बेंझिलिक ॲसिड मिळालं असतं. प्रत्यक्षात थोडं जास्तच मिळालं असतं असा माझा अंदाज आहे, त्याचं कारण पुढे येईल.

आता ज्या गोष्टीसाठी मी एवढं लांब उत्तर लिहायला बसलो ती. एकूण यील्डमध्ये मधल्या टप्प्यांची वजनं नेमकी कशी येतात ते पाहा. तीन अपूर्णांक पूर्ण लिहून काढले तर बेंझोइनचा रेणुभार वर-खाली कटतो, बेंझिलचाही कटतो. उरतं काय? सुरुवातीचे मोल, शेवटचे मोल, आणि दोन गुणोत्तरं : ७.१० ला ४.००, आणि ३.३६ ला २.००. मधल्या मालाची वजनं फक्त मिळालेलं आणि घेतलेलं यांच्या गुणोत्तरातच येतात. याचा व्यवहारातला परिणाम मोठा आहे.

समजा तुमचं ३.३६ ग्रॅम बेंझिल नीट वाळलं नव्हतं आणि त्यात ५ टक्के पाणी होतं. तुम्ही लगेच त्यातूनच २.०० ग्रॅम पुढे घेतलं. खरं बेंझिल ३.१९ ग्रॅम होतं, म्हणून दुसऱ्या टप्प्याचा खरा यील्ड ८०.६. पण पुढेही तुम्ही २.०० नाही, १.९० ग्रॅमच बेंझिल घातलं होतं, म्हणून तिसऱ्या टप्प्याचा खरा यील्ड ८०.०. आता ०.८०६ गुणिले ०.८०० करून बघा, ०.६४५ येतं. मूळ ०.८४८ गुणिले ०.७६० केलं तरी ०.६४५. एकूण यील्ड जागचा हलला नाही. एका टप्प्याला फुकटचं मिळालेलं पुढच्या टप्प्याने फेडलं.

पण समजा तुम्ही ओलं असताना ३.३६ वजन लिहिलं, रात्रभर डेसिकेटरमध्ये ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी सुक्यातून २.०० ग्रॅम घेतलं. आता फेड होत नाही. दुसरा टप्पा खरा ८०.६, तिसरा ७६.०, आणि एकूण ४१.६. जर्नलमध्ये मात्र ४३.८ राहील. म्हणून प्रॅक्टिकल दोन दिवसांत विभागलेलं असेल तर दुसऱ्या दिवशी पहिल्यांदा सगळा माल परत तोला, मगच त्यातून काढा. दोन वजनं एकाच अवस्थेतल्या मालाची हवीत, एवढाच नियम आहे.

कारखान्यात हे मला महागात शिकायला मिळालं. एका इंटरमीडिएटचा ओला केक पहिल्या स्टेजच्या नोंदीत तसाच, ओल्या वजनाने चढत होता. पुढच्या स्टेजचा इनपुट मात्र वाळवल्यावरचा होता. दोन्ही स्टेजचे यील्ड कागदावर छान दिसत होते, पण शेवटचा माल त्यांच्या गुणाकाराएवढा कधीच भरत नव्हता. आम्ही दोन आठवडे शेवटच्या क्रिस्टलायझेशनला दोष देत होतो, सॉल्व्हंट बदलून पाहत होतो. शेवटी केकचा एलओडी, म्हणजे वाळवल्यावर होणारी घट, काढली तेव्हा उलगडलं. तेव्हापासून जोडलेल्या टप्प्यांच्या हिशेबात मी आधी हेच विचारतो, की हे वजन ओल्याचं की सुक्याचं?

मधल्या मालातली अशुद्धीही अशीच कटते, जर माल एकजीव असेल तर. बेंझिलमध्ये न बदललेलं थोडं बेंझोइन राहणं नेहमीचं आहे, विशेषतः तपकिरी धूर निघायचे थांबायच्या आधीच कुणी वॉटर बाथवरून फ्लास्क उचलला तर. ते ओळखायची जुनी परीक्षा आहे : चिमूटभर क्रूड बेंझिल अल्कोहोलमध्ये विरघळवा आणि १० टक्के NaOH चा एक थेंब घाला. जांभळट रंग आला तर बेंझोइन आहे, परत थोडं नायट्रिक घालून तापवा. बेंझिलचा मेल्टिंग पॉइंट ९५ च्या आसपास आहे, बेंझोइन असेल तर तो उतरतो आणि पसरतो. मात्र अशुद्धीची ही सवलत शेवटच्या मालाला नाही. १.६५ ग्रॅम बेंझिलिक ॲसिड ओलं असेल किंवा त्यात पोटॅशियम क्लोराइड राहिलं असेल तर ती चूक फेडायला पुढे टप्पाच नाही, ती थेट एकूण यील्डमध्ये उतरते. म्हणून सगळ्यात जास्त वेळ शेवटचा माल वाळवण्यात घाला. तोला, अर्ध्या तासाने परत तोला, वजन स्थिर झालं की लिहा. मेल्टिंग पॉइंट १५० ते १५२ मिळाला की तो आकडा खरा.

सुरुवातीच्या वजनालाही ती सवलत नाही, आणि तिथे बेंझाल्डिहाइड फार फसवतं. बाटली उघडी राहिली की हवेने त्याचं बेंझोइक ॲसिड होत जातं, गळ्याशी पांढरे खडे दिसतात. समजा तुमच्या १०.४४ ग्रॅममध्ये दहा टक्के बेंझोइक ॲसिड होतं. खरं बेंझाल्डिहाइड ९.४० ग्रॅम, थिऑरेटिकल यील्डही ९.४० ग्रॅम, म्हणजे पहिला टप्पा ६८ च्या जागी ७५.५ झाला पाहिजे. एवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं. पण ते १.०४ ग्रॅम बेंझोइक ॲसिड म्हणजे ८.५ मिलिमोल, आणि तुमचा सगळा बेस १०.५ मिलिमोल. मघाशी म्हटलं होतं की बेस काठावर आहे, तो हा काठ. ॲसिडने बेस खाल्ला की थायमिन जागंच होत नाही, आणि बेंझाल्डिहाइड नव्वद टक्के शुद्ध असूनही बेंझोइन जवळजवळ येत नाही. तुम्हाला ७.१० ग्रॅम मिळालं, त्यावरून तुमची बाटली बरी होती असं मी म्हणेन. ज्यांना दोन ग्रॅमच मिळतं, त्यांनी आधी बाटली बघावी : बेंझाल्डिहाइड सोडियम कार्बोनेटच्या द्रावणाने धुऊन, वाळवून, डिस्टिल करून वापरावं. बेस जास्त घालून ही कसर भरायला जाऊ नका, कारण जास्त बेस आणि उष्णता मिळाली की थायमिनच तुटतं.

इथे लिमिटिंग रिएजंटबद्दल एक बारकावा सांगायला हवा, कारण तो तोंडी परीक्षेत विचारला जातो आणि पुस्तकांत क्वचित सापडतो. तुमच्या तिन्ही टप्प्यांत पुढे नेलेला मालच लिमिटिंग होता, म्हणून टक्केवाऱ्या बिनबोभाट गुणता आल्या. समजा तुम्ही काटेकोर समप्रमाणात KOH घ्यायचं ठरवून ०.५३ ग्रॅम तोललं असतं. ८५ टक्क्यांच्या हिशेबाने ते खरं ८.० मिलिमोल. बेंझिल ९.५, KOH ८.० : आता लिमिटिंग KOH. तरीही १.६५ ग्रॅम मिळालं असं धरू, म्हणजे ७.२ मिलिमोल. नियमाप्रमाणे त्या टप्प्याचा यील्ड ७.२ भागिले ८.०, म्हणजे ९० टक्के. तो आकडा त्या टप्प्यापुरता बरोबर आहे. पण साखळीत गुणायला तो चालणार नाही, कारण साखळी बेंझाल्डिहाइडपासून बेंझिलमार्गे जाते, KOH मार्गे नाही. गुणाकारात ७.२ भागिले ९.५, म्हणजे ७६ च घालायचे. वाया गेलेलं बेंझिल हीसुद्धा साखळीतली घटच आहे, मग ती KOH कमी पडल्यामुळे का होईना. म्हणून टप्प्याचा यील्ड लिहिताना तो कशाच्या आधारावर काढला हे शेजारी लिहा.

राहिला प्रश्न घट कुठे झाली याचा. तुम्ही विचारलेला नाही, पण सर विचारतील. आकडे एकटे ते सांगत नाहीत, परिस्थितीवर बरंच अवलंबून असतं. पहिल्या टप्प्यातली ३२ टक्के घट बहुधा अभिक्रियेतलीच आहे : थायमिनची पद्धत खोलीच्या तापमानाला संथ चालते, मिश्रण किती दिवस ठेवलं यावर फरक पडतो, आणि पारा उतरला की आणखी मंदावते. गाळल्यावर द्रवाला कडू बदामाचा वास येत असेल तर न बदललेलं बेंझाल्डिहाइड त्यात आहे. दुसरी शक्यता रिक्रिस्टलायझेशनची : अल्कोहोल गरजेपेक्षा जास्त घातलं की माल मदर लिकरमध्ये राहतो. ते आटवून दुसरा क्रॉप काढा. त्याचा मेल्टिंग पॉइंट वेगळा घ्या, चांगला असेल तरच पहिल्यात मिळवा, आणि मिळवलं असं नोंदवा.

तिसरी घट हाताळणीची असते, आणि तिच्यामुळेच मी वर म्हटलं की पूर्ण माल नेला असता तर ४.९ ग्रॅमहून थोडं जास्त मिळालं असतं. फिल्टर पेपरला, फ्लास्कच्या काचेला, स्पॅच्युलाला चिकटणारा माल टक्केवारीने चिकटत नाही, ठराविक वजनाने चिकटतो. समजा तो दर वेळी ०.१५ ग्रॅम आहे. २.१७ ग्रॅमच्या टप्प्यात ते ७ टक्के झाले. ६ ग्रॅमच्या टप्प्यात अडीच टक्के. शेवटचे टप्पे लहान होत जातात, म्हणून त्यांचे यील्ड रसायनशास्त्राच्या मानाने वाईट दिसतात. तुमच्या तिसऱ्या टप्प्याच्या ७६ मधला काही भाग हाच असणार. बाकीचा भाग शेवटच्या आम्लीकरणाचा असू शकतो. HCl घालताना साका दिसला की पुष्कळजण थांबतात. लिटमसवर भागवू नका, पीएच २ च्या आसपास येईपर्यंत घाला, नाहीतर बेंझिलेट द्रावणातच राहतं आणि सिंकमध्ये जातं.

जर्नलमध्ये उत्तर ४३.८ लिहू नका, ४४ टक्के लिहा. १० मिली तुम्ही मेझरिंग सिलिंडरने घेतलं असेल तर तिथेच एक-दोन टक्क्यांची अनिश्चितता आहे, दशांशाला अर्थ उरत नाही. पुढच्या वेळी रिकामा फ्लास्क तराजूवर ठेवून त्यातच बेंझाल्डिहाइड तोलून घ्या.

आणि नोंद अशी करा की सरांना परत विचारावं लागणार नाही. प्रत्येक टप्प्यासाठी एक ओळ : काय घेतलं आणि त्याचे मिलिमोल, लिमिटिंग काय, थिऑरेटिकल यील्ड, मिळालेलं सुकं वजन, टक्के, मेल्टिंग पॉइंट. आणि शेवटच्या रकान्यात पुढे किती नेलं, बाजूला किती ठेवलं. तुमच्या जर्नलमध्ये तो रकाना असता तर बेंझोइनपुढे ३.१० आणि बेंझिलपुढे १.३६ हे आकडे समोर दिसले असते, आणि ११.२३ ने भागायच्या आधी तुमचा हात थांबला असता. त्या दोन बाटल्यांवर नाव, तारीख आणि वजन लिहून ठेवा. १.३६ ग्रॅम बेंझिलवर तिसरा टप्पा पुन्हा करता येईल : थिऑरेटिकल यील्ड १.४८ ग्रॅम. या वेळी पीएच २ पर्यंत जाऊन बघा, ७६ वरून किती चढतो ते कळेल.